४० दुकानांच्या चाचणीवरून वर्षाचा अंदाज: माल लावणं वेगळं, उठाव वेगळा

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी बेळगावात वडगावला नाचणीच्या झटपट डोशाचं पीठ करतो. अर्धा किलोचं पाकीट, छापील किंमत ९० रुपये, दुकानदाराला ७२ ला देतो. जानेवारी ते मार्च शहरातल्या ४० दुकानांत चाचणी केली. पहिल्या महिन्यात १,२००, मग ६४०, मग ५६० अशी २,४०० पाकिटं गेली. महिनाअखेरीस दुकानांत शिल्लक ४२०, ४०० आणि ३६० होती. १५ दुकानांत रविवारी डोसे करून चाखायला दिले. त्या दुकानांतून तीन महिन्यांत ९७५ विकली गेली, बाकीच्या २५ मधून १,०६५. सहा दुकानांत कुठल्या घरानं पाकीट नेलं ते लिहायला वही ठेवली होती, तिची पानं जोडली आहेत. जिल्ह्यात ६०० दुकानं धरली तर दुकानी २० प्रमाणे महिन्याला १२,००० पाकिटं होतात. दिवसाला ५०० किलोच्या मशीनसाठी कर्ज काढायचंय आणि बँकेनं तीन वर्षांचा अंदाज मागितलाय. हा आकडा धरावा का?

उत्तर: नाही, ताई, धरू नका. तुमच्याच कागदांवरून माझा हिशेब असा निघतो, की पहिल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात तुम्ही साडेतीन हजार पाकिटांच्या आसपास असाल. सगळं मनासारखं झालं तर साडेचार हजारांच्या जवळ, आणि नाही झालं तर दोन हजारांच्या थोडं वर. म्हणजे माल वाईट आहे असं नाही. वहीवरून तर तो बरा चाललाय. पण १२,००० मध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढचं काही दिसत नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात किराणा मालाची एजन्सी चालवताना नव्या मालाचे असे अंदाज मी बरेच केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली मिसळ बिलाची आणि उठावाची. दुकानी २० हा आकडा तुम्ही बिलांवरून काढलाय, पण बिल म्हणजे दुकानात लागलेला माल. गिऱ्हाइकानं उचललेला माल वेगळा. सुदैवानं शिल्लक तुमच्याकडे आहे, तेव्हा सरळ वजाबाकी करा. पहिल्या महिन्यात १,२०० लावली, ४२० राहिली, म्हणजे उठाव ७८०. दुसऱ्या महिन्यात जुनी ४२० आणि नवी ६४०, त्यातून ४०० राहिली, म्हणजे ६६०. तिसऱ्या महिन्यात तसंच करून ६००. दुकानामागे पाहिलं तर साडेएकोणीस, साडेसोळा आणि पंधरा. सरासरी काढून २० धरण्याऐवजी हे तीन आकडे एका ओळीत मांडले की गोष्ट लगेच कळते: उठाव दर महिन्याला उतरतोय. आता तो कुठे जाऊन थांबतो एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर सरासरीत सापडत नाही.

शिल्लक मोजण्याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण पुढच्या टप्प्यात ती सेल्समन मोजणार आहे, तुम्ही नाही. दुकानदाराला विचारून शिल्लक लिहायची नाही. तो म्हणणार, "असतील की चार-पाच." रॅकवर हात घालून मोजायची आणि मागच्या पाकिटांवरची बॅचची तारीख बघायची. पुढे नव्या बॅचची चार पाकिटं आणि मागे पोह्यांच्या पिशवीआड पहिल्याच बॅचची सहा, वरती धूळ बसलेली, असं दिसलं तर त्या दुकानात उठाव जवळजवळ नाही. दुकानदार तुमच्या भिडेखातर नवा माल पुढे लावतोय. अशा दुकानाची बिलं चांगली दिसतात आणि एक दिवस सगळा माल एकदम परत येतो. वहीत शिल्लकेच्या शेजारी सर्वात जुन्या बॅचची तारीख लिहायची सवय लावा.

आता तुमची वही. सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. पानांवरून मी असं वाचतो: सहा दुकानांत मिळून नवीन घरं पहिल्या महिन्यात १०८, दुसऱ्यात ६६, तिसऱ्यात ४२. आधी नेलेल्यांनी पुन्हा नेलेली पाकिटं १८, ४२ आणि ५७. सहानं भागलं तर एका दुकानात नवीन घरं १८, ११, ७ आणि परतीची पाकिटं ३, ७, साडेनऊ. एकूण उठाव उतरतोय, पण आत दोन उलट्या गोष्टी चालू आहेत. नव्याची नवलाई ओसरतेय आणि परतीची विक्री चढतेय. चाचणीचा पहिला महिना बघून हुरळून जाणारे आणि तिसरा महिना बघून हातपाय गाळणारे, दोघंही या दोन गोष्टी वेगळ्या करत नाहीत.

नवीन घरांचा आकडा दर महिन्याला आधीच्या एकसष्ट ते चौसष्ट टक्क्यांवर येतोय. किराणा मालात हे नेहमीचं आहे. १९६० साली फोर्ट आणि वुडलॉक या दोघांनी अशाच मालासाठी मांडलेलं गणित हेच सांगतं: जेवढी घरं कधी ना कधी माल चाखून बघणार आहेत, त्यातल्या उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा दर महिन्याला येतो. उरलेली कमी होत जातात, म्हणून येणारेही कमी होत जातात. तुमच्या आकड्यांना तेच लावलं तर १८, ११, ७ नंतर ४, ३, २ आणि पुढे एखाद-दुसरं. सगळी बेरीज एका दुकानामागे सत्तेचाळीस घरांच्या आसपास थांबते. एका गल्लीतल्या दुकानाला रोजची गिऱ्हाइकं मोजकीच असतात, त्यामुळे ही मर्यादा खरीच असते. जाहिरात करून ती थोडी वर जाते, चौपट होत नाही.

परतीचं गणित असं. पहिल्या महिन्यात आलेल्या १०८ घरांनी दुसऱ्या महिन्यात ३२ आणि तिसऱ्यात २८ पाकिटं नेली, म्हणजे शंभर घरांमागे तीस, मग सव्वीस. ही गळती आणखी थोडी चालते आणि मग टिकणारी घरं टिकतात. मी पुढे शंभर घरांमागे महिन्याला वीस पाकिटं धरतो. हा माझा अंदाज आहे, तुमच्या वहीतला आकडा नाही, आणि सगळ्या हिशेबात सर्वात नाजूक जागा हीच आहे. वीसऐवजी पंधरा निघाले तर मोठा फरक पडेल, त्याकडे नंतर येतो. वीस धरले तर सत्तेचाळीस घरांमागे नऊ-साडेनऊ पाकिटं, आणि एखादं नवीन घर. म्हणजे वहीवालं दुकान सातव्या-आठव्या महिन्याला दहा-साडेदहा पाकिटांवर स्थिरावतं. वीसावर नाही, पंधरावरही नाही.

पण वहीवाली दुकानं सगळ्या दुकानांसारखी नाहीत. त्या सहांनी तीन महिन्यांत दुकानी साडेपंचावन्न विकली. चाखायला दिलेल्या १५ दुकानांत तो आकडा ६५ येतो आणि नुसता माल ठेवलेल्या २५ दुकानांत ४३. नवीन दुकानं उघडताना तुम्ही दोघी प्रत्येक ठिकाणी रविवारी तवा घेऊन उभ्या राहणार नाही. त्यामुळे विस्ताराचा हिशेब ४३ वाल्या दुकानावरून करायचा. वहीची उतरंड तशीच ठेवून उंची त्या प्रमाणात कमी केली की साध्या नव्या दुकानाचा महिनावार उठाव असा येतो: १६, १४, १३, १०, ९, ९ आणि सातव्या महिन्यापासून ८. पहिल्या तीन महिन्यांची बेरीज ४३ होते, म्हणजे चाचणीशी मेळ बसतो. या ओळीला मी दुकानाच्या वयाची ओळ म्हणतो. सगळा अंदाज हिच्यावर उभा राहतो.

दुसरी मिसळ दुकानांच्या संख्येची. ६०० दुकानं जिल्ह्यात असतीलही, पण ती पहिल्या तारखेला उघडत नाहीत. एक सेल्समन आणि एक छोटा टेम्पो घेऊन दिवसाला २५ ते ३० दुकानांची लाईन होते. पंधरवड्याला एक फेरी धरली तर एका माणसाला तीनशे-सव्वातीनशे दुकानं नीट सांभाळता येतात. फेरी चुकली की रॅक रिकामा राहतो, आणि नव्या मालाचा रिकामा रॅक दुसरा कोणीतरी भरून टाकतो. त्यातून जुनी दुकानं सांभाळून महिन्याला ३० नवीन दुकानं उघडली तर काम चांगलं चाललंय असं मी म्हणेन. आणि उघडलेली सगळी टिकत नाहीत. तिसऱ्या महिन्यानंतर ३० पैकी सहा दुकानं "उठाव नाही" म्हणून माल परत देतात असं धरा. चोवीस राहतात.

आता एक मोठा कागद घ्या आणि जिन्यासारखा तक्ता मांडा. आडवे बारा महिने, उभ्या बारा ओळी, प्रत्येक ओळ एका महिन्यात उघडलेल्या ३० दुकानांची. पहिली ओळ पहिल्या महिन्यापासून सुरू होते, दुसरी एक घर सरकून दुसऱ्यापासून, अशी पुढे. प्रत्येक ओळीत तेच आकडे: ३० दुकानं गुणिले १६ म्हणजे ४८०, मग ४२०, ३९०. चौथ्या महिन्यापासून दुकानं चोवीस, म्हणून २४०, २१६, २१६ आणि पुढे कायम १९२. मग प्रत्येक महिन्याचा स्तंभ खाली बेरीज करत जा. पहिला महिना ४८०, दुसरा ९००, तिसरा १,२९०, सहावा १,९६२, बारावा ३,११४. तुमच्या जुन्या ४० दुकानांपैकी ३५ टिकली आणि दुकानी दहा पाकिटं चालली तर दरमहा ३५० आणखी. असे बाराव्या महिन्याला साधारण ३,४५० आणि वर्षभरात मिळून अठ्ठावीस हजार पाकिटं. तुमच्या पद्धतीनं वर्षाला १,४४,००० आली असती.

या तक्त्याचा खरा उपयोग बाराव्या महिन्यानंतर कळतो. समजा तेराव्या महिन्यापासून एकही नवं दुकान उघडलं नाही. बाकी काही बिघडलं नाही, दुकानं तीच, घरं तीच. तरीही सहा महिन्यांत उठाव ३,४५० वरून साडेसव्वीसशेवर येतो, जवळजवळ चौथा हिस्सा कमी. कारण बाराव्या महिन्याच्या आकड्यात शेवटच्या दोन-तीन महिन्यांत उघडलेल्या दुकानांची नवलाई मोजलेली होती. पहिल्या वर्षाची चढती रेघ बघून दुसऱ्या वर्षी तशीच पट्टी लावून पुढे ओढणारे इथेच फसतात. शिवाय चांगली दुकानं आधी उघडली जातात, त्यामुळे दुसऱ्या वर्षी वेग मंदावतो. मी दुसऱ्या वर्षी महिन्याला १५ नवीन दुकानं धरतो. मग चोविसाव्या महिन्याला साधारण ४,२०० पाकिटं येतात. तिसऱ्या वर्षी वाढ धरायची नाही. गळालेल्या दुकानांच्या जागी नवी घालून ३,८०० ते ४,२०० राखलं तरी पुष्कळ.

बिलाचा हिशेब मात्र उठावाच्या शेजारी दुसऱ्या ओळीत ठेवा, कारण बँक तुमच्या खात्यात बिलं बघणार. चाचणीच्या शेवटी दुकानामागे नऊ पाकिटं शिल्लक होती. म्हणजे प्रत्येक नव्या दुकानात नऊ पाकिटं निव्वळ रॅक भरायला जातात. महिन्याला ३० दुकानं म्हणजे २७० पाकिटं, आणि बंद झालेल्या सहा दुकानांतून पन्नासेक परत. म्हणून विस्तार चालू असताना बिलं उठावापेक्षा दोनशे-सव्वादोनशे पाकिटांनी मोठी दिसतील, आणि विस्तार थांबला की तेवढी एकदम कमी होतील. पुढे एखाद्या तालुक्याला एजन्सी दिलीत तर तिच्या गोदामातला पहिला भरणाही असाच. तो एकदाच होतो. त्याला वाढ समजून पुढच्या महिन्याचा माल दळून ठेवू नका.

आता तो प्रसिद्ध "एस" आकाराचा वक्र. कन्सल्टंटनं करून दिलेल्या फाइलींत मी नेहमी बघतो: पहिले अडीच टक्के, मग साडेतेरा, मग चौतीस, चौतीस आणि सोळा, हे आकडे घ्यायचे आणि अख्ख्या जिल्ह्याच्या घरांना लावून टाकायचे. हे रॉजर्स यांचे आकडे आहेत आणि ते नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांची वर्गवारी सांगतात. घंटेच्या आकाराच्या वक्राचे सरासरीपासून मोजून केलेले तुकडे आहेत ते. शेवटी ज्यांनी वस्तू घेतली त्यांचीच ही वाटणी, त्यामुळे एकूण किती घरं घेणार आणि किती महिन्यांत, हे त्यातून कळत नाही. तेच तर आपल्याला हवं असतं. दुसरं गणित फ्रँक बास यांचं, १९६९ सालचं. ते खरोखर अंदाजाचं आहे, पण एकदाच घ्यायच्या वस्तूंसाठी, जसा टीव्ही किंवा फ्रिज. तिथं शेजाऱ्याचं बघून शेजारी घेतो, म्हणून आधी संथ, मग वेगानं, मग पुन्हा संथ असा आकार येतो. नव्वद रुपयांच्या पिठाला शेजाऱ्याची वाट कोण बघतं? दुकानात दिसलं तर घेऊन बघतात. दुकानाच्या आत तुमचा वक्र पहिल्या दिवसापासून उतरता असतो. चढ येतो तो दुकानं वाढतात म्हणून, आणि दुकानं किती वेगानं वाढतील हे तुमच्या टेम्पोवर आणि उधारीच्या ताकदीवर ठरतं. उधारीचं गणित मी इथं करत नाही, पण तीनशे दुकानांत पंधरा दिवसांचे पैसे अडकणार हे मनात ठेवा.

तिसरी मिसळ जागेची, आणि इथं पुष्कळ काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमची चाचणी बेळगाव शहराबद्दल बोलते. ती सीमाभागाबद्दल काही सांगत नाही. खानापूरकडे नाचणी पिकते. तिथल्या खेड्यांत घरची नाचणी गिरणीवर दळून आणतात, त्यांना ९० रुपयांचं पाकीट कशाला हवं? खुद्द खानापूर आणि नंदगडच्या बाजारपेठेत थोडं चालेल, पण गावोगावची दुकानं मी मोजणार नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वरची बाजारपेठ शहरासारखी वागेल असं मला वाटतं, पण वाटणं वेगळं आणि वही वेगळी. गोकाक, बैलहोंगल, रामदुर्ग हा ज्वारीच्या भाकरीचा आणि मुख्यतः कन्नड बोलणारा भाग. तिथं पाकिटावर कन्नड ठळक हवी आणि चवीची सवयही वेगळी. यातल्या प्रत्येक भागात दहा-दहा दुकानांची, वहीसकट तीन महिन्यांची छोटी चाचणी करा आणि त्या भागाची वेगळी वयाची ओळ काढा. तोपर्यंत तक्त्यात फक्त बेळगाव शहर, उपनगरं आणि निपाणी-चिकोडीकडची बाजारपेठ धरा. महिन्याला ३० दुकानं तेवढ्यातच मिळतील.

चंदगड आणि गडहिंग्लजबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आपल्याकडे प्रत्येकाच्या मनात ते असतंच. नाती तिकडे, गाड्या तिकडे. पण तुम्ही जीएसटीत कंपोझिशन योजनेखाली असाल तर कर्नाटकातून महाराष्ट्रातल्या दुकानाला माल विकता येत नाही. गोव्यालाही नाही. त्या योजनेत परराज्यात विक्री करायला बंदी आहे. त्यामुळे ती दुकानं अंदाजात घालण्याआधी तुमची नोंदणी कुठली ते सीएंना विचारा. नेहमीच्या नोंदणीत जावं लागलं तर किमतीचंही गणित बदलतं.

आणि पावसाळा. तुमची चाचणी कोरड्या महिन्यांत झाली. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दमट हवेनं पिठाला गाठी धरतात, पाकिटाचं सील जरा सैल असलं तर अळ्या होतात. त्या दोन महिन्यांत परत येणारा माल वाढेल. जाड पाकीट किंवा चांगलं सील घेण्याआधी चार महिन्यांची मुदत छापू नका. शाळा सुरू असताना नाश्त्याचं पीठ जास्त चालतं आणि मे महिन्यात घरं गावाला जातात, हा चढउतार तीन महिन्यांच्या चाचणीत दिसतच नाही. ओळखीच्या दोन-तीन दुकानदारांना त्यांच्या रेडीमेड इडली-डोशाच्या पाकिटांची वर्षभराची बिलं दाखवायला सांगा आणि तोच चढउतार आपल्या तक्त्याला लावा.

बँकेला एकच आकडा देऊ नका. मधल्या आकड्यात दहा टक्के वरखाली करूनही भागत नाही, तो नुसता दिखावा होतो. ज्या दोन गोष्टींवर सगळं हलतं त्याच बदलून बघा. खालच्या अंदाजात महिन्याला २० दुकानं उघडतात आणि दुकान आठऐवजी सहा पाकिटांवर स्थिरावतं, म्हणजे परतीचे शंभरी वीसऐवजी पंधरा. जुनी दुकानंही दहाऐवजी आठ विकतात. मग बाराव्या महिन्याला साधारण २,१०० पाकिटं. वरच्या अंदाजात प्रत्येक नव्या दुकानाजवळ एक-दोन रविवारी चाखायला देता आणि नवं दुकान वहीवाल्या दुकानांसारखं चालतं. मग ४,४००. पण त्या रविवारांचा खर्च त्याच ओळीखाली लिहायचा. तो लपवला तर वरचा अंदाज फुकटचा दिसतो. हप्ता मात्र खालच्या अंदाजातून फिटला पाहिजे. २,१०० पाकिटं गुणिले ७२ म्हणजे महिन्याला दीड लाखाची विक्री. नाचणी, उडीद, पाकीट, मजुरी, टेम्पो आणि परत आलेला माल वजा करून उरतं त्यातून.

आता मशीन. चोविसाव्या महिन्याची ४,२०० पाकिटं म्हणजे २,१०० किलो पीठ. दिवसाला ५०० किलोची मशीन ते सव्वाचार दिवसांत दळून टाकेल आणि बाकी महिनाभर बंद राहील. हप्ता मात्र तिसही दिवसांचा. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोची मशीन बघा, किंवा पहिलं वर्षभर दळण दुसऱ्याच्या गिरणीवर ठेवून स्वतः फक्त भाजणं, मिसळणं आणि पाकिटबंद करणं सांभाळा. त्यासाठी लागणारं कर्ज लहान असेल आणि खालच्या अंदाजातही ते झेपेल.

अंदाज चुकतोय का हे वर्षभर थांबून कळायला नको. मी प्रत्येक नव्या दुकानाचं तिसरं बिल बघतो. पहिलं बिल तुमच्या ओळखीचं असतं. दुसरं नव्या घरांच्या कुतूहलाचं. तिसरं बिल परत आलेली घरंच करून देतात. पहिल्या तुकडीतल्या ३० दुकानांपैकी चार महिन्यांत २४ दुकानांचं तिसरं बिल झालं तर तक्ता बरोबर चाललाय. १८ च्या खाली असेल तर खालचा अंदाज धरा आणि नवी दुकानं उघडणं थांबवून आधी तिसरं बिल न झालेल्या दुकानांत जाऊन बघा: रॅक रिकामा होता म्हणून बिल नाही, की माल भरलेला आहे म्हणून नाही. रिकामा असेल तर दोष तुमच्या फेरीचा आहे, भरलेला असेल तर मालाचा, किमतीचा किंवा त्या गल्लीचा. वही आणखी सहा दुकानांत तीन महिने चालू ठेवा, आणि या वेळी त्यातली चार तरी चाखायला न दिलेली निवडा. जूनअखेर ती पानं टाकलीत तर शंभर घरांमागे वीस धरायचे की पंधरा, ते नक्की सांगता येईल. बँकेत फाइल त्यानंतर दिली तरी काही बिघडत नाही.